पावसात धुरकटणारी समोरची काच: आतले धुके, बाहेरचे धुके

पावसाळ्यात गाडीची समोरची काच कधी आतून धुरकटते, तर कधी बाहेरून. दोन्ही वेळा दिसणारे दृश्य सारखेच असते, पण उपाय उलटे असतात. आतले धुके घालवण्यासाठी काचेवर कोरडी हवा सोडावी लागते. बाहेरचे धुके मात्र काचेवर थंड हवा सोडल्यामुळेच धरलेले असते. म्हणून कोणतेही बटण दाबण्याआधी धुके कोणत्या बाजूला आहे ते ओळखावे लागते. वायपर एकदा फिरवला आणि काच स्वच्छ झाली, तर धुके बाहेर आहे. वायपरने काहीच फरक पडला नाही, तर ते आत आहे.

हवा जितकी गरम, तितके जास्त बाष्प ती धरून ठेवू शकते. हवा थंड होत गेली की एका ठरावीक तापमानाला तिच्यातले बाष्प पाण्याच्या रूपात बाहेर पडू लागते. हे तापमान म्हणजे त्या हवेचा दवबिंदू. काच जर तिला लागून असलेल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल, तर तिच्यावर बारीक थेंबांचा थर धरतो.

जुलैमधल्या ताम्हिणी घाटाचे उदाहरण घेता येईल. बाहेर तापमान 24 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 95 टक्के असेल, तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू साधारण 23 अंश असतो. पावसाच्या माऱ्यामुळे काचही 24 अंशांच्या आसपास असते. धबधब्याखाली भिजलेले चौघे जण गाडीत बसतात, काचा वर करतात आणि थंडी वाजते म्हणून एसी बंद ठेवतात. श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून बाष्प साचत जाते. आतली हवा 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेपर्यंत पोचली की तिचा दवबिंदू 25 अंशांवर जातो. काच त्याहून एका अंशाने थंड आहे, तेवढे पुरेसे असते. काही मिनिटांत समोरचे वळण दिसेनासे होते.

अशा वेळी समोरच्या डिफॉगचे बटण दाबायचे. वक्र काचेचे चित्र आणि त्यावर वर जाणारे तीन नागमोडी बाण, ही त्याची खूण. चौकोनी काचेचे चित्र असलेले बटण मागच्या काचेतल्या गरम तारांचे असते. समोरच्या काचेसाठी त्याचा उपयोग नाही. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या बहुतेक गाड्यांत समोरचे डिफॉग दाबताच चार गोष्टी एकदम होतात. हवेचा सगळा झोत काचेकडे वळतो, ब्लोअरचा वेग वाढतो, एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो आणि रिसर्क्युलेशन बंद होऊन बाहेरची हवा आत येऊ लागते. साध्या एसीच्या गाडीत हेच चार बदल हाताने करावे लागतात.

यातले खरे काम कॉम्प्रेसरचे असते. हवा कूलिंग कॉइलवरून जाताना सुमारे 8 अंशांपर्यंत थंड होते आणि तिच्यातले बहुतेक बाष्प कॉइलवर पाणी होऊन गाडीखाली ठिबकते. बाहेरून आलेल्या प्रत्येक घनमीटर हवेत 20 ग्रॅमच्या आसपास बाष्प होते, कॉइलनंतर ते 8 ग्रॅम उरते. हीच हवा पुढे हीटरवरून नेऊन 25 अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता 35 टक्क्यांच्या जवळ येते. अशी कोरडी आणि कोमट हवा काचेवरचे पाणी झपाट्याने शोषून घेते. म्हणून डिफॉग करताना एसी आणि हीटर दोन्ही एकत्र चालणे बरोबरच आहे.

नेमके इथेच अनेकांचे चुकते. काच लवकर साफ व्हावी म्हणून तापमान LO वर किंवा 18 अंशांवर नेले जाते. मग हीटरचा वाटा निघून जातो आणि कॉइलवरची गार हवा थेट काचेवर आदळते. आतले धुके जाते खरे, पण थोड्या वेळात काच 23 अंशांच्या खाली उतरते, म्हणजेच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूखाली. आता धुके बाहेरून धरते. वायपर ते पुसतो आणि ते लगेच परत येते. अशा वेळी ब्लोअर आणखी वाढवला तर काच आणखी गार होते. उपाय असा, की वायपर चालू ठेवून तापमान 25 ते 27 अंशांपर्यंत वाढवायचे आणि झोत काचेवरून काढून चेहऱ्याकडे किंवा पायांकडे वळवायचा. एसी मात्र चालूच ठेवायचा.

ड्युअल झोन असलेल्या गाडीत कूलिंग कॉइल आणि ब्लोअर सहसा एकच असतो. फरक पडतो तो नंतर, थंड आणि गरम हवा मिसळणाऱ्या झडपांमुळे. त्या दोन बाजूंना वेगळ्या असतात. चालकाने 26 आणि शेजारच्याने 18 लावले असतील, तर काचेच्या डाव्या अर्ध्या भागाला गार झोत मिळू शकतो आणि तेवढाच भाग बाहेरून धुरकटतो. घाटात डावीकडे वळताना तीच बाजू दिसणे गरजेचे असते. काही गाड्या डिफॉग दाबताच दोन्ही बाजू आपोआप एकसारख्या करतात, सगळ्या करत नाहीत. म्हणून SYNC दाबून दोन्हीकडे 25 अंश ठेवणे सुरक्षित.

रिसर्क्युलेशनचा प्रश्न वेळेनुसार बदलतो. सुरुवातीला आतला दवबिंदू 25 आणि बाहेरचा 23 असतो. पावसातली असली तरी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडीच असते. ती आत घेतली की साचलेले बाष्प बाहेर ढकलले जाते. काच साफ झाल्यावर आणि एसी काही मिनिटे सलग चालल्यावर चित्र उलटते. आतली हवा आता बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कोरडी झालेली असते आणि तीच पुन्हा फिरवली तर एसीवरचा भार कमी होतो. त्यामुळे मुसळधार पावसात एसी चालू ठेवून रिसर्क्युलेशन वापरता येते. एसी बंद असताना मात्र ते लावू नये. लांबच्या प्रवासात आतली हवा कोंदट होते, म्हणून अधूनमधून बाहेरची हवाही घ्यावी.

काच साफ होताच एसी बंद करणे ही आणखी एक चूक. कॉइल तेव्हा ओली असते. कॉम्प्रेसर थांबला आणि ब्लोअर चालू राहिला, की ते पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि काच अचानक झाकोळते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत असेच घडू शकते. पाऊस असेपर्यंत ती सोय बटणाने बंद ठेवावी.

हे सगळे करूनही काच साफ होत नसेल, तर दोष शोधावा लागतो. ब्लोअरचा आवाज मोठा पण झोत क्षीण असेल, तर केबिन फिल्टर तुंबलेला असतो. दमट हवेत एसी बराच वेळ चालूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल आणि पुढच्या सीटखालचे कार्पेट ओले लागत असेल, तर पाणी वाहून नेणारी नळी बंद झालेली असू शकते. ते पाणी आत साठून पुन्हा बाष्प बनते. काचेवर तेलकट थर, गोडसर वास आणि कूलंटची घटती पातळी ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर हीटर गळत असतो. त्यावर डिफॉगचा काहीही इलाज नाही. गाडी गॅरेजलाच न्यावी लागते.