खात्यात अकरा लाख, त्यातले आपले किती?

गृहनिर्माण संस्थेत समिती बदलली की नव्या खजिनदाराच्या हाती सहसा तीनच गोष्टी येतात: कपाटाची किल्ली, चेकबुक आणि पासबुक. पासबुकात शेवटी छापलेला आकडा दोघंही बघतात. जुना खजिनदार सुटकेचा निःश्वास टाकतो, नवा मनातल्या मनात लिफ्टच्या नूतनीकरणाचा बेत आखतो. नेमका घोटाळा इथेच होतो. तो आकडा बँकेचा असतो, संस्थेच्या ऐपतीचा नव्हे. निवृत्त होणाऱ्या खजिनदाराने लिहून द्यायच्या टिपणाचं खरं काम या दोन आकड्यांमधलं अंतर उलगडून सांगणं हे आहे. एरवी ती नुसती कागदपत्रांची यादी होते.

समजा, मुंबईच्या उपनगरातली चाळीस सदनिकांची एक संस्था आहे आणि ३० जून रोजी पदभार बदलतो आहे. बचत खात्यात ११ लाख ४० हजार रुपये आहेत. त्यातले ६२ हजारांचे धनादेश देऊन झालेत, पण अजून वटलेले नाहीत. म्हणजे वहीत शिल्लक १० लाख ७८ हजार. बँकेचा आकडा आणि वहीतला आकडा यांचा मेळ दाखवणारं पत्रक असतं, त्याला हिशेबनीस ‘बँक रिकन्सिलिएशन’ म्हणतात. टिपणाचं पहिलं पान हेच असावं. त्यात तीन महिन्यांहून जुना, न वटलेला धनादेश दिसला तर तिथेच थांबावं. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची. ती उलटली तरी ज्याचे पैसे आहेत त्याचं देणं संपत नाही, फक्त धनादेश निरुपयोगी होतो.

पुढची वजाबाकी पासबुकात कुठेच दिसत नाही. काही सभासदांनी वर्षभराचं देखभाल शुल्क आगाऊ भरलंय, त्यातले १ लाख ३६ हजार पुढच्या महिन्यांचे आहेत. मालमत्ता कराचं बिल इथे संस्थेच्या नावे सहा महिन्यांनी येतं, पण सभासदांकडून त्याचे पैसे दरमहा घेतले जातात. तीन महिन्यांचे जमलेले ७२ हजार महापालिकेचे आहेत. सिंकिंग फंडाची दरमहा दहा हजारांची वसुली संस्था वर्षाअखेरीस मुदत ठेवीत टाकते, त्यामुळे एप्रिल ते जूनचे ३० हजार अजून याच खात्यात पडून आहेत. आदर्श उपविधींनुसार हा फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी, जमिनीची किंमत वगळून, गोळा करायचा असतो. तो रोजच्या खर्चाला वापरायचा नसतो. जूनची वीज आणि सुरक्षारक्षक एजन्सीचं बिल अजून आलेलं नाही, पण सेवा घेऊन झाली आहे. अंदाजे ९२ हजार. जूनमध्ये रंगाऱ्याला दिलेल्या बिलातून कापलेला तीन हजारांचा टीडीएस ७ जुलैपर्यंत भरायचा आहे. ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण ती सरकारची असून आपल्याकडे फक्त ठेवलेली आहे. उशीर झाला तर दर महिन्याला दीड टक्का व्याज लागतं, आणि तिमाही विवरणपत्र वेळेत गेलं नाही तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क चढत जातं.

राहिला रंगकाम आणि गळतीदुरुस्तीचा ठेका. हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात फसवं.

सर्वसाधारण सभेने १६ लाखांचा ठेका मंजूर केला. त्यातलं १२ लाखांचं काम आर्किटेक्टने तपासून प्रमाणित केलं आणि बिलं देऊन झाली, पण करारानुसार प्रत्येक बिलातून पाच टक्के राखून ठेवले. ते ६० हजार झाले. पावसाळे काढून काम टिकलं, तर दोषमुदत संपल्यावर ते ठेकेदाराला परत द्यायचे. उरलेलं चार लाखांचं काम पावसाळ्यानंतर होणार आहे. आता बघा, यातली ६० हजारांची रक्कम हे दायित्व आहे. काम झालंय, पैसे आपण अडवून धरलेत, ताळेबंदात ते देणे म्हणून दिसायलाच हवेत. चार लाख मात्र दायित्व नाहीत. काम झालेलं नाही, बिल नाही, म्हणून वह्यांत त्यांची एकही नोंद सापडणार नाही. तरी सही केलेला कार्यादेश आहे. ही बांधिलकी आहे, आणि पैसे तेवढेच जाणार आहेत. हिशेबाच्या वह्या झालेले व्यवहार सांगतात, ठरलेले व्यवहार सांगत नाहीत. म्हणून संगणकात हिशेब कितीही चोख असला तरी हाताने लिहिलेलं टिपण लागतं.

सगळी वजाबाकी केली की उरतात २ लाख ८५ हजार. साडेअकरा लाखांच्या घरातल्या पासबुकातून नव्या समितीला स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल अशी रक्कम एवढीच.

बांधिलकीच्या यादीत लेखी कार्यादेश, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, विम्याची नूतनीकरणाची तारीख ही मंडळी सहज येतात. अवघड असतात तोंडी कबुल्या. माझ्या मते चांगल्या टिपणाची पारख तिथेच होते. अध्यक्षांनी जिन्यात उभ्या उभ्या रंगाऱ्याला सांगितलेलं असतं, ‘‘गच्चीचा कठडापण करून टाका, बघू नंतर.’’ रंगारी हे विसरत नाही. काम करतो आणि शेवटच्या बिलात ‘जादा काम’ म्हणून ओळ टाकतो. नव्या खजिनदाराला ही ओळ म्हणजे लबाडी वाटते, वाद पेटतो आणि राखून ठेवलेले पैसे अडकतात. त्यापेक्षा जुन्या खजिनदाराने सरळ असं लिहावं:

‘‘ताई, कठड्याच्या कामाबद्दल अध्यक्षांचं ठेकेदाराशी बोलणं झालंय. दर ठरलेला नाही, ठराव नाही, सभेच्या १६ लाखांत हे बसत नाही. काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून लेखी दर मागवा आणि समितीच्या सभेत घ्या. मी स्वतः काहीही कबूल केलेलं नाही.’’

शेवटचं वाक्य कोरडं वाटेल, पण ते लागतं.

अंदाजपत्रकाची फाइल हा वेगळाच प्रकार. पेन ड्राइव्हमध्ये बहुधा Budget_final.xlsx, Budget_final_2.xlsx आणि Budget_AGM.xlsx अशा तीन फायली असतात आणि तिन्हींत आकडे वेगळे. सर्वसाधारण सभेने मंजूर केलेली कोणती, हे ठरावाचा क्रमांक आणि तारीख घालून त्याच फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलं की निम्मे वाद संपतात. बाकीच्या दोन कच्च्या म्हणून वेगळ्या ठेवाव्यात; पुसू नयेत. त्यानंतर उपयोगी पडतं ते प्रत्येक शीर्षामागचं गृहीतक. पाण्यावर दोन लाख धरले असतील, तर ते गेल्या वर्षीच्या बिलांवरून धरले की मे महिन्यात टँकर लागतील असं मानून? नुसता आकडा बघून हे कळत नाही, आणि डिसेंबरात तो आकडा ओलांडला की खर्च चुकला की अंदाज, हे ठरवता येत नाही.

तारखांचा एक गमतीदार फेरा इथे आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. हिशेब ४५ दिवसांत तयार व्हावे लागतात, लेखापरीक्षण जुलैअखेर, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. म्हणजे जूनमध्ये पद सोडणाऱ्याने केलेल्या वर्षाच्या हिशेबांवर सभेत उत्तरं द्यायची ती नव्या खजिनदाराने. लेखापरीक्षक दोष काढतील त्यांचा दुरुस्ती अहवालही नव्या समितीनेच ‘ओ’ नमुन्यात द्यायचा. म्हणून टिपणात एक पान फक्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं असावं: या शीर्षावर खर्च दुप्पट का झाला, ही पावती दुसऱ्या नावाची का, हा ठराव खर्चानंतर का झाला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गैरसोयीचं असेल, तरी तेच लिहावं.

येणी मोजताना हात आखडता घ्यावा. या संस्थेत समजा ३ लाख २० हजारांची थकबाकी आहे. तिला मी वरच्या शिलकीत एक रुपयाही धरला नाही, कारण त्यातले २ लाख १० हजार एकाच सभासदाकडे अडकलेत आणि वसुलीचा अर्ज उपनिबंधकांकडे आहे. गृहनिर्माण संस्थांसाठी ही तरतूद २०१९ पासून कायद्याच्या कलम १५४ब-२९ मध्ये आहे. टिपणात इथे रकमेपेक्षा पायरी महत्त्वाची: नोटिसा कधी दिल्या, पोच कुठे आहे, पुढची तारीख कोणती. आणि व्याज कसं लावलंय. उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळ व्याज. पण बिलं काढणारं सॉफ्टवेअर नीट बसवलेलं नसलं तर मागच्या बिलाच्या एकूण रकमेवर, म्हणजे व्याजावरही, व्याज लावत जातं. हे ओळखायला एका थकबाकीदाराची सलग चार बिलं काढावीत आणि व्याज फक्त मुद्दलावर धरून स्वतः मोजावं. आकडा जुळला नाही तर सुनावणीआधी उतारा दुरुस्त करावा. नाहीतर समोरचा सभासद त्याच एका चुकीवर संपूर्ण मागणी उडवू पाहतो.

याच्या उलट एक देणं असतं, जे येईल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. एका सभासदाने दोन वर्षांपूर्वी सदनिका विकली तेव्हा संस्थेने हस्तांतर शुल्क म्हणून २५ हजार आणि ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून आणखी एक लाख घेतले. हस्तांतर शुल्काची कमाल मर्यादाच २५ हजारांची आहे. देणगी खरोखर ऐच्छिक होती की ना हरकत पत्र अडवून घेतली, यावर आता त्याचं पत्र आलंय आणि तो पैसे परत मागतोय. ही रक्कम वजा करून टाकायची नाही आणि विसरायचीही नाही. टिपणात तिला वेगळं घर द्यावं: मागणी काय, कागद कोणत्या फाइलमध्ये, समितीने काय उत्तर दिलं, उत्तर दिलं नसेल तर तसं. जुन्या खजिनदाराला हे प्रकरण झाकावंसं वाटतं, कारण पावतीवर सही त्याची असते. लेखापरीक्षकालाही हे पत्र दाखवावं, म्हणजे ते ताळेबंदाखालच्या टिपांत येईल.

आणि एक अगदी साधी अडचण. टीडीएस भरायच्या पोर्टलचा, महापालिकेचा, बँकेचा ओटीपी अजून जुन्या खजिनदाराच्या मोबाइलवर येतो. बँकेत सह्या बदलायला समितीच्या ठरावाची प्रत लागते आणि त्यात आठवडे जातात. तोवर ७ जुलै उलटू शकते. म्हणून जूनचा टीडीएस जाणाऱ्यानेच भरून चलनाची प्रत टिपणाला जोडावी. बाकी प्रत्येक पोर्टलसमोर कोणाचा नंबर आहे आणि तो कधी बदलला हे लिहावं. पासवर्ड मात्र टिपणात लिहू नयेत, कारण त्याची एक प्रत सचिवांकडे आणि एक दप्तरात राहते. टिपणावर दोघांच्या सह्या होतात. नव्या खजिनदाराने ‘मिळाले’ एवढंच लिहून सही करावी, ‘तपासले’ असं नव्हे. तपासायला तिला निदान एक महिना लागेल, आणि त्या महिन्यात जे जुळणार नाही ते समितीच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवायचं.