होदूच्या पिल्लांचे पहिले सहा आठवडे

या देशात आल्यावर हिब्रू शिकताना आम्हा सर्वांनाच ज्या शब्दाची मौज वाटली, तो शब्द म्हणजे ‘होदू’. होदू म्हणजे आपला भारत, आणि बाजारात मांसाच्या दुकानी उभे राहून ‘होदू’ मागितले, तर हाती येते ते टर्कीचे मांस. वस्तुतः हा पक्षी भारताचाही नव्हे आणि तुर्कस्तानाचाही नव्हे. तो मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. युरोपीय लोकांनी ज्या नव्या भूमीस हिंदभूमी समजण्याची चूक केली, तिथून हा पक्षी आला, म्हणून त्यालाही ते नाव चिकटले. नावापुरता का होईना, आपला हा देशबांधव इस्रायलमध्ये घरोघरी खाल्ला जातो. परंतु तो पाळू पाहणाऱ्या आपल्या मंडळींची एक समजूत असते, की टर्की म्हणजे मोठ्या आकाराची कोंबडी. आमचीही तीच समजूत होती. ती आम्हांस बारा पिल्लांना पडली. तो हिशेब येथे मांडत आहोत.

नेगेवमधील एका मोशावात आमचे घर आहे. शाळेतून आल्यावर घरामागच्या तुकड्यात आम्ही उभयतां दहा-बारा कोंबड्या बाळगून होतो आणि त्यात आम्हांस कधी अपयश आले नव्हते. एका वर्षी मार्च महिन्यात आम्ही उबवणी केंद्रातून टर्कीची एका दिवसाची वीस पिल्ले आणली. कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत फुटते, टर्कीचे अठ्ठावीस दिवसांत. सात दिवस अधिक पोटात राहिलेले मूल अधिक शहाणे असेल, असे आम्हांस वाटले. प्रकार नेमका उलट निघाला.

कोंबडीच्या पिल्लांसाठी करतो तशीच सर्व व्यवस्था आम्ही केली होती. खाली लाकडाचा भुसा, वर उष्णतेचा दिवा, एका बाजूस खाद्याचे पन्हळ, दुसऱ्या बाजूस पाण्याचे भांडे. पहिले तीन दिवस पिल्ले ठीक दिसली. चौथ्या दिवशी सकाळी दोन मेलेली आढळली. सहावा दिवस संपेपर्यंत सात गेली. पन्हळातील खाद्य जवळजवळ भरले तसेच होते. मेलेल्या पिल्लांच्या गळ्याखालची धान्याची पिशवी चाचपून पाहिली, तेव्हा काहींची रिकामी होती आणि काहींच्या पिशवीत केवळ भुसा होता. भरल्या ताटासमोर ही पिल्ले उपाशी मेली होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा थोडा साठा असतो. त्यावर ते सुमारे तीन दिवस काढू शकते. कोंबडीचे पिल्लू तेवढ्या वेळात इकडे तिकडे चोच मारून खाद्य कोणते आणि पाणी कोणते हे आपले आपण शिकते. टर्कीची दृष्टी मंद नसते, परंतु खाद्य ओळखण्यास ते पिल्लू उशीर लावते. पुष्कळांना कोणीतरी दाखवावे लागते. शिदोरी संपते आणि शिक्षण अपुरे राहते, म्हणून हे मृत्यू चौथ्या ते सहाव्या दिवशी एकदम दिसतात. रोग समजून औषधाच्या मागे धावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पुढील वर्षी पुन्हा वीस पिल्ले आणली, ती मात्र शिक्षकाच्या वृत्तीने. प्रत्येक पिल्लू हाती घेऊन त्याची चोच क्षणभर कोमट पाण्यात बुडविली. ते पाणी गिळते हे पाहिल्यावर तीच चोच खाद्यात टेकविली. पाण्याच्या उथळ भांड्यात मुलांच्या रंगीत गोट्या टाकल्या. चकाकणाऱ्या वस्तूवर पिल्लू चोच मारते आणि आपसुक पाणी पिते, शिवाय भांड्यात पडून बुडत नाही. पन्हळाऐवजी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर खाद्य पसरले आणि त्यावर उकडलेल्या अंड्याचा चुरा व बारीक चिरलेली कांद्याची पात भुरभुरली. पहिले तीन दिवस भुशावर खरखरीत कागद अंथरला, म्हणजे भुसा पोटात जात नाही. हा कागद गुळगुळीत वर्तमानपत्राचा नसावा, कारण त्यावर पाय घसरून ते दोहों बाजूंस फाकतात व पिल्लू अधू होते. पहिले तीन दिवस रात्रंदिवस उजेड ठेवला. याशिवाय त्याच केंद्रातून एक दिवसाची कोंबडीची दोन पिल्ले आणून त्यांत सोडली. वर्गात मॉनिटर नेमावा तशी ही नेमणूक होती. ती चोच मारीत, आणि बाकीचा वर्ग त्यांचे अनुकरण करी. पाचव्या दिवशी त्या दोघांना वेगळे केले. रोज रात्री प्रत्येक पिल्लाची पिशवी बोटाने चाचपून पाहिली. भरलेली लागली तर ते शिकले, रिकामी लागली तर त्याची शिकवणी पुन्हा. त्या वर्षी पहिल्या आठवड्यात आमचे एकच पिल्लू गेले.

उबेच्या बाबतीतही कोंबडीहून फरक आहे. टर्कीच्या पिल्लास पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. मग दर आठवड्यास सुमारे ३ अंश कमी करावी. कोंबडीच्या पिल्लास थोडी कमी चालते आणि त्याला पिसेही लवकर फुटतात. टर्कीला सहा आठवडे सांभाळावे लागते. नेगेवमध्ये दुपार तापलेली आणि रात्र गारठलेली, म्हणून दिवसा पाहून दिवा काढणाऱ्याची फसगत रात्री होते. आमच्या अनुभवाने तापमापक एक सांगतो आणि पिल्ले त्याहून खरे सांगतात. ती दिव्याखाली एकावर एक चढत असतील तर थंडी आहे, आणि खालची गुदमरून मरतील. चोच उघडी टाकून कडेला पसरली असतील तर उष्णता फार झाली आहे. सर्व एकाच बाजूस सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येत आहे. पुठ्ठ्याचे गोल कुंपण घालावे, म्हणजे कोपरा राहत नाही आणि चेंगराचेंगरीस जागा मिळत नाही.

आता खाद्याकडे वळू. अंड्यासाठी वाढवावयाच्या कोंबडीच्या पिल्लास सुमारे १८ ते २० टक्के प्रथिने पुरतात. टर्कीच्या पिल्लास पहिले चार आठवडे २८ टक्के लागतात, पुढील चार आठवडे सुमारे २६, आणि त्यानंतर हळूहळू कमी. नियासिन नावाचे जीवनसत्त्वही त्याला कोंबडीच्या सुमारे दुप्पट लागते. ते कमी पडले की घोट्याचा सांधा सुजतो आणि पाय वाकतात. टर्कीचे तयार खाद्य मिळते, तेच घेणे उत्तम. परंतु कधी दुकान बंद, सण लागून आलेला, आणि घरी केवळ कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य, असा प्रसंग येतो. तो आमच्यावर आला, तेव्हा आम्ही फळ्यावर सोडवावे तसे गणित सोडविले. खाद्यात प्रथिने २० टक्के, सोयाबीनच्या पेंडीत ४४ टक्के, हवीत २८. चव्वेचाळिसातून अठ्ठावीस गेले, उरले सोळा, हे खाद्याचे भाग. अठ्ठाविसातून वीस गेले, उरले आठ, हे पेंडीचे भाग. म्हणजे दोनास एक. दहा किलो खाद्यात दोन किलो प्रथिने आणि पाच किलो पेंडीत दोन किलो दोनशे ग्रॅम. पंधरा किलोत एकूण चार किलो दोनशे ग्रॅम, म्हणजे बरोबर २८ टक्के. मात्र पेंड मिसळल्याने खाद्यातील क्षार व जीवनसत्त्वे पातळ होतात, म्हणून हा तीन-चार दिवसांचा तोडगा होय, नित्याचा नव्हे.

यात एक धोका असा आहे, की जो गणितात दिसत नाही. कोंबडीच्या पिल्लांच्या पुष्कळ खाद्यांत रक्ती हगवणीवरचे औषध आधीच मिसळलेले असते. त्यांपैकी सॅलिनोमायसिन आणि नॅरासिन ही दोन औषधे कोंबडीस सोसतात, टर्कीस विषासमान आहेत. पिल्लाचे पाय लुळे पडतात, ते पाय मागे ताणून पोटावर पडते आणि श्वासासाठी धडपडते. म्हणून पोत्यावरील चिठ्ठी वाचल्याखेरीज कोंबडीचे खाद्य टर्कीपुढे ठेवू नये. चिठ्ठी फाटली असेल तर पोते कोंबड्यांसच द्यावे.

पहिल्या वर्षीच्या वीसांपैकी तेरा उरली, असे वर सांगितले. ती नऊ आठवड्यांची झाल्यावर, आता संकट टळले असे समजून आम्ही ती कोंबड्यांच्या जुन्या अंगणात सोडली. अलिबागच्या आमच्या मावशींनी फोनवर विचारले होते, “अरे बाळ, खुडूक कोंबडीखाली का नाही ठेवलीस? ती सगळं शिकवते की!” शिकविण्याच्या बाबतीत मावशींचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. परंतु कोंबडी टर्कीला खाणे शिकविते आणि त्यासोबत रोगही देते, हे आम्हा दोघांसही ठाऊक नव्हते. अंगणात सोडल्यापासून सुमारे अडीच आठवड्यांनी टर्क्या पंख गाळून, मान खाली घालून उभ्या राहू लागल्या. त्यांची विष्ठा गंधकासारखी पिवळी झाली. पाच मेल्या. पशुवैद्यांनी एक उघडून दाखविली. यकृतावर निशाणाच्या वर्तुळांसारखे गोल, खोलगट डाग होते, आणि आतड्याच्या शेवटाकडील दोन बंद पिशव्यांत चीजसारखा घट्ट गोळा साचला होता.

या रोगास ‘ब्लॅकहेड’ म्हणतात, जरी डोके काळे पडतेच असे नाही. त्याचा जंतू कोंबडीच्या आतड्यातील एका बारीक कृमीच्या अंड्यांत लपून राहतो. कोंबडी स्वतः बहुधा ठणठणीत असते. पण तिच्या विष्ठेतून ती अंडी मातीत जातात आणि तेथे अनेक वर्षे टिकतात. गांडुळे ती अंडी गिळतात आणि टर्की गांडुळे खाते. यावर पूर्वी खाद्यातून औषध देत. अमेरिकेत त्यांपैकी शेवटचे, नायटारसोन, २०१५ च्या अखेरीस बाजारातून काढून घेतले गेले. आता मुख्य उपाय एकच, तो म्हणजे अंतर. जिथे गेल्या तीन-चार वर्षांत कोंबडी फिरली आहे, तिथे टर्की सोडू नये. कोंबड्यांची जागा व टर्क्यांची जागा निरनिराळी, फावडी निराळी, आणि जोडेही निराळे. सकाळी प्रथम टर्क्यांकडे जावे आणि नंतर कोंबड्यांकडे. उलट क्रमाने गेल्यास जोड्यांच्या तळव्यावरून माती जाते. आमच्या कोंबडी-मॉनिटरांना पाचव्या दिवशी बाहेर काढले ते याच भयाने, जरी यंत्रात जन्मलेल्या त्या पिल्लांना अद्याप कृमी लागण्याचा संभव नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या एकोणीस टर्क्या आम्ही ज्या शेतात कधी कोंबडी गेली नव्हती, तेथे जाळीच्या कुंपणात ठेवल्या. त्यांपैकी अठरा मोठ्या झाल्या. एक रात्री कोल्ह्याने नेली, तो दोष आमच्या कडीचा. मावशींना हे कळविले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आता खुडूक कोंबडीचं काय करणार?” तिच्याखाली आम्ही कोंबडीचीच अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी ती फुटली, आणि त्या पिल्लांची चोच पाण्यात बुडविण्याची पाळी आमच्यावर आली नाही.