विकलेले गेमिंग खाते नेमके कोणाचे?

‘पन्नास गेमचे जुने स्टीम अकाउंट, फुल अ‍ॅक्सेस, ईमेलसकट’ अशा जाहिराती टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर रोज दिसतात. स्टीम हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचे संगणकावरील गेमचे दुकान. ते २००३ पासून चालू आहे. तिथे घेतलेला प्रत्येक गेम घेणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. दहा वर्षांत जमलेल्या गेमची मूळ किंमत चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाऊ शकते, आणि तेच खाते पाच-सहा हजारांत मिळत असेल तर विद्यार्थ्याला मोह होणारच. बीजीएमआयसारख्या मोबाइल गेमचे ‘आयडी’ही असेच विकले जातात. दोन्हीकडे धोका सारख्याच प्रकारचा आहे, पण स्टीमचे नियम आणि त्यांची अंमलबजावणी जास्त उघडपणे पाहता येत असल्याने ते उदाहरण समजून घ्यायला सोपे जाते.

स्टीमवर पैसे भरले म्हणून गेम मालकीचा होत नाही. ग्राहकाला तो खेळण्याचा परवाना मिळतो, आणि तो परवाना त्या एका खातेदाराच्या नावावर असतो. खाते उघडताना जो करार मान्य करावा लागतो, त्यात खाते विकणे, ते वापरू देण्याबद्दल पैसे घेणे किंवा ते दुसऱ्याच्या नावावर करणे स्पष्टपणे मना आहे. हा करार फारसे कोणी वाचत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मात्र पैसे भरण्याच्या पानावरच परवान्याची सूचना दिसते. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला नेमके काय मिळते हे सांगावे, असा कायदा कॅलिफोर्नियाने केल्यानंतरचा हा बदल आहे. घेतलेला गेम पुढे विकण्याचा हक्क हवा, यासाठी फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हविरुद्ध दावा लावला होता. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल संघटनेच्या बाजूने दिला, पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. एकेक गेमच जिथे पुढे विकता येत नाही, तिथे सगळे खाते विकण्याला आधार उरत नाही.

नियम मोडला तरी कोणाला कळणार, असे विकत घेणाऱ्याला वाटते. खाते हाती आले की तो पासवर्ड बदलतो, ईमेल बदलतो, मोबाइलवरचे स्टीम गार्ड स्वतःच्या फोनला जोडतो आणि खाते आपले झाले असे समजतो. पण या तिन्ही गोष्टी कुलपासारख्या आहेत, मालकीचा पुरावा नव्हेत. खात्यावरून वाद झाला की स्टीमचा मदत विभाग वेगळेच प्रश्न विचारतो. सुरुवातीची खरेदी कोणत्या कार्डाने झाली? खाते कोणत्या ईमेलवर उघडले होते? डबाबंद गेम घेतला असेल तर त्यातल्या सक्रिय करण्याच्या कोडचा फोटो आहे का? या प्रश्नांची उत्तरे पहिल्या खातेदाराकडेच असतात. विक्रीनंतरही ती त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

समजा, एका तरुणाने २०१५ मध्ये उघडलेले चाळीस गेमचे खाते सहा हजार रुपयांना विकले. पैसे यूपीआयने आले, पासवर्ड गेला, घेणाऱ्याने सगळे बदलून घेतले. महिन्याभरात घेणाऱ्याने त्यात आणखी तीन हजारांचे गेम भरले. मग विकणाऱ्याने मदत विभागाला कळवले, की खाते हॅक झाले आहे, आणि २०१५ च्या खरेदीचा तपशील पुरावा म्हणून जोडला. कंपनीच्या नजरेत हा खरा खातेदार आहे आणि त्याची तक्रारही खरी वाटते, म्हणून खाते त्याला परत मिळते. घेणाऱ्याचे सहा हजार गेले आणि वर भरलेले तीन हजारही गेले. दाद मागायची तर आधी ‘मी हे खाते विकत घेतले’ असे सांगावे लागते, आणि तीच नियमभंगाची कबुली ठरते. त्यानंतर कंपनी खाते दोघांसाठीही बंद करू शकते. या व्यवहारात फसवणूक करणाऱ्याला काही हॅक करावे लागत नाही, खरेदीचा खरा पुरावा देणे पुरते. म्हणूनच ‘आजीवन वॉरंटी’ किंवा ‘मधला माणूस ठेवू’ अशा हमीला फारसा अर्थ नसतो. मध्यस्थ पैसे फार तर काही दिवस अडकवून ठेवेल, खाते मात्र वर्षानंतरही परत घेता येते. शिवाय मध्यस्थ विकणाऱ्याचाच साथीदार निघणे हीही नेहमीची गोष्ट आहे.

दुसरा धोका बॅनचा. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये चीट वापरणाऱ्यांना पकडणाऱ्या व्हॉल्व्हच्या यंत्रणेला व्हॅक म्हणतात. चीट सापडली तरी ही यंत्रणा अनेकदा लगेच बॅन लावत नाही. चीट बनवणाऱ्यांना आपण कशामुळे पकडलो गेलो हे कळू नये, म्हणून काही काळ थांबून अनेक खात्यांवर एकदम कारवाई होते. त्यामुळे प्रोफाइल स्वच्छ दिसतेय म्हणून घेतलेल्या खात्यावर आधीच्या माणसाच्या चीटिंगचा बॅन नंतर पडू शकतो. व्हॅक बॅन कायमचा असतो आणि ‘खेळलो तो मी नव्हतो’ हे कारण चालत नाही. उलट बाजूने, विकणाऱ्याने आपला फोन नंबर खात्याला जोडलेलाच ठेवला आणि घेणाऱ्याने चीट वापरली, तर त्याच नंबरवरच्या विकणाऱ्याच्या इतर खात्यांवरही बॅन येऊ शकतो.

फार स्वस्त खात्यांमागे बहुधा चोरी असते. काही खाती फिशिंगने हडपलेली असतात, काहींतले गेम चोरलेल्या कार्डाने घेतलेले असतात. कार्डाच्या खऱ्या मालकाने बँकेत तक्रार केली की रक्कम परत जाते आणि स्टीम ते खाते गोठवते. तोपर्यंत ते तिसऱ्या-चौथ्या हाती गेलेले असते.

विकणाऱ्याचे नुकसान याहून मोठे होऊ शकते. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट ही साधी फसवणूक झाली. खरी अडचण येते ती पैसे खरोखर आले तर, कारण ते दुसऱ्या कोणाला तरी फसवून मिळवलेले असू शकतात. त्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे जिथे जिथे गेले ती बँक खाती पोलिसांच्या सूचनेवरून गोठतात. त्यात सहा हजारांसाठी आयडी विकणाऱ्या विद्यार्थ्याचे, किंवा ज्यांच्या यूपीआयवर पैसे घेतले त्या त्याच्या वडिलांचे पगाराचे खातेही अडकू शकते. ते मोकळे करून घेण्यासाठी परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करण्याची वेळ येते, आणि व्यवहार कशाचा होता हे तिथे लेखी सांगावे लागते.

नियमात बसणारे मार्ग थोडे असले तरी आहेत. न आवडलेला गेम खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. गेममधल्या बऱ्याच वस्तू स्टीमच्याच बाजारात विकता येतात, मात्र ती रक्कम स्टीमच्या वॉलेटमध्येच राहते. घरातल्या सहा जणांपर्यंत गेम वाटून खेळण्याची सोय २०२४ पासून आहे. पण तिथेही घरातल्या कोणी चीट वापरली तर ज्याच्या मालकीचा गेम त्याच्यावरही बॅन येतो.

खाते आधीच विकत घेतले असेल तर त्यात आणखी पैसे भरू नयेत आणि आपले कार्ड जोडलेले असल्यास काढावे. ज्यांनी विकले त्यांनी साठवलेले कार्ड बँकेकडून बंद करून घ्यावे, आणि विक्रीत दिलेला ईमेल इतर कुठे वापरला असेल तर तिथला बदलावा. पैशांची फसवणूक झाली असेल तर विकत घेतल्याची लाज बाळगून थांबू नये. १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर लगेच तक्रार करावी, कारण जितक्या लवकर कळवले जाते तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.