साडेबारा की दीड?

बँकेत चाकरी करताना मी हजारो स्मरणपत्रे लिहिली. थकलेल्या हप्त्याची आठवण कोणत्या शब्दांत करावी, हे मला चांगले ठाऊक आहे, असा माझा समज होता. गेल्या वर्षी लेकीकडे म्युनिकला तीन महिने राहून मोहोळला परतलो तेव्हा तो समज बराचसा उतरला होता.

लेक आणि जावई दोघेही नोकरी करतात. चार वर्षांच्या नातवासाठी त्यांनी फ्रान्सहून आलेली एकोणीस वर्षांची ‘ओ पेर’ घरी ठेवली होती. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘बरोबरीने’. अशी मुलगी मोलकरीण नसते. ती कुटुंबात राहते, भाषा शिकते आणि मुलांकडे पाहते. जर्मनीतील रिवाजानुसार तिला स्वतंत्र खोली, जेवण, दरमहा २८० युरो हातखर्च आणि आठवड्यातून दीड दिवस सुटी द्यावी लागते. काम आठवड्याला ३० तासांहून अधिक सांगता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात ती बालवाडीत तासभर उशिरा पोहोचली. नातू बाईंचा हात धरून दारात रडवेला उभा होता. लेकीने रात्री नम्र चिठ्ठी लिहिली, ‘कृपया वेळेवर जावे.’ दोन दिवसांनी पुन्हा तोच तासाचा उशीर! आळस असता तर कधी दहा मिनिटे, कधी वीस मिनिटे झाली असती. फरक प्रत्येक वेळी नेमका एकच तासाचा निघतो, तेव्हा चूक माणसात नसून नोंदीत असते, हे बँकेत शिकलो होतो.

कारण सापडले ते भाषेत. साडेबाराला जर्मन माणूस ‘हाल्ब आइन्स’ म्हणतो, म्हणजे एकाकडे जाताना अर्धा तास. फ्रेंच बोलणारी मुलगी ते ‘एक आणि अर्धा’ असे ऐकत होती, म्हणजे आपला दीड! गंमत अशी की फ्रेंच रीत आपल्याच सारखी आहे. त्यांचे ‘कात्र अर मवँ ल कार’ म्हणजे चारात पाव कमी, आपले पावणेचार. ‘ए कार’ म्हणजे सव्वा आणि ‘ए दमी’ म्हणजे साडे. ती आमच्या घरात मराठी रीतीनेच हिशेब करत होती आणि बालवाडी जर्मन रीतीने.

नवी चिठ्ठी आम्ही दोघांनी बसून लिहिली. आरंभी ‘पती रापेल’, म्हणजे ‘छोटीशी आठवण’. संबोधन ‘त्यू’, म्हणजे आपले ‘तू’. ‘वू’ हे घरातल्या लेकीला परके वाटले असते. पुढे एवढेच: ‘१२.३० ला दारात. १२.१५ ला घर सोड. ओळखपत्र जवळ ठेव. उशीर होणार असेल तर आधी बालवाडीला फोन, मग मला.’ वेळ अंकांत, शब्दांत नाही. ओळखपत्राचे कारणही सांगितले. पालकांनी ज्याच्या नावाने लेखी अधिकार दिलेला असतो, त्याच्याच हाती तेथे मूल सोपवतात आणि अनोळखी चेहऱ्याकडे ओळखपत्र मागतात. त्यानंतर उशीर झाला नाही.

घराच्या नियमांतही हीच मेख होती. ‘आम्ही शाकाहारी’ एवढे सांगून भागले नाही, कारण तिच्या लेखी त्यात अंडे बसत होते. म्हणून नावे लिहिली: मांस, मासे, अंडे नाही, बाळाच्या ताटात कांदा, लसूण, बटाटा, गाजर नाही. रबरासारख्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘जिलेटीन’ शब्द दिसला तर ती देऊ नये, कारण ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून करतात. ‘सूर्यास्तापूर्वी जेवण’ हाही नियम तिला उमगेना. तेथे जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरमध्ये साडेचारच्या आतच. तेव्हा दर महिन्याला बाळाच्या जेवणाची वेळ अंकांत लिहून शीतकपाटावर लावली. हा नियम बाळासाठी होता, तिच्यासाठी नव्हता. तिने आपले जेवण रात्री आठला घेतले, तरी कोणी काही म्हणत नसे.

शेवटी मी तासांचा ताळेबंद मांडला. सकाळी १ तास, दुपारी साडेबारा ते साडेचार ४ तास. पाच दिवसांचे २५. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी बाळ सांभाळण्याचे ३. एकूण २८. म्हणजे शिल्लक फक्त २ तास. ‘जाता जाता कपडे वाळत घाल, थोडे झाडून घे’ अशा गोड आठवणी चार दिवस अर्धा अर्धा तास सांगितल्या की तीही शिल्लक संपते. लेकीने तो कागद वाचला आणि झाडण्याची ओळ खोडून टाकली.

निघताना त्या मुलीने मला तिच्याकडची एक चिठ्ठी दिली. देवनागरी अक्षरे तिने नातवाच्या पाटीवरून गिरवली होती: ‘पती रापेल. आजोबा, विमान १४.१०. घर १०.०० ला सोडा.’

मी पावणेदहालाच दारात उभा होतो.