ऐकू यावं, पण लक्ष ओढू नये

८ मार्च १९२०. पॅरिसच्या बार्बाझांज गॅलरीत नाटकाचं मध्यंतर झालं आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलेले वादक वाजवू लागले. क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, पियानो. एरिक सातीने बांधलेले छोटे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजत राहणार होते आणि लोकांनी त्या वेळात गप्पा माराव्यात, हिंडावं, भिंतीवरची चित्रं बघावीत अशी त्याची इच्छा होती. खोलीतलं सामान जसं नुसतं असतं, तसं हे संगीत असावं. झालं उलटंच. वाद्यं ऐकताच लोक लगबगीने आपापल्या खुर्च्यांवर परतले आणि शांतपणे ऐकू लागले. साती त्यांच्यातून फिरत, बोला, चाला, ऐकू नका, असं सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही.

आज परीक्षेच्या दिवसांत हेडफोन लावून बसणाऱ्या मुलीला नेमकं तेच हवं असतं, जे सातीला त्या संध्याकाळी जमलं नाही. गेल्या शंभर वर्षांत हे कुणी, कसं जमवलं याचा मागोवा घेतला तर अभ्यासाची प्लेलिस्ट कशी लावावी हे बरंचसं आपोआप उमगतं.

पहिला मोठा प्रयत्न व्यापाराने केला आणि तो वेगळ्याच दिशेने गेला. अमेरिकी लष्करातले अधिकारी जॉर्ज स्क्वायर यांनी तारेवरून संगीत पोहोचवण्याची कल्पना काढली आणि १९३४ मध्ये तिला ‘म्यूझॅक’ हे नाव दिलं. पुढे या कंपनीने कारखान्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी एक पद्धत बसवली. पंधरा मिनिटांचा गट, त्यात प्रत्येक धून आधीच्या धुनेपेक्षा थोडी चढी, मग काही काळ शांतता. कामगार दमतो त्या वेळी संगीताने त्याला उचलून धरावं, हा हिशेब. यंत्रापाशी तेच तेच काम करणाऱ्यासाठी हा हिशेब समजण्यासारखा आहे. प्रमेय समजून घेणाऱ्यासाठी मात्र चढत जाणारं संगीत म्हणजे कुणीतरी सारखा खांदा हलवत राहावं तसं. आजही ‘फोकस’ नावाच्या अनेक याद्यांत शेवटाकडे वेग वाढतो आणि ठेका भरत जातो. तो या म्यूझॅकच्याच घराण्याचा वारसा आहे.

खरं वळण १९७५ मध्ये आलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला संगीतकार ब्रायन ईनोला रस्त्यात टॅक्सीने उडवलं आणि तो घरी अंथरुणाला खिळला. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पच्या जुन्या संगीताची तबकडी आणली होती. ती लावल्यावर त्याच्या लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे आणि एक स्पीकर बंद आहे; पण उठून काही करण्याची ताकद नव्हती. बाहेरच्या पावसात मिसळलेले तुटक स्वर तो तसेच ऐकत पडला. खोलीतल्या उजेडासारखं संगीत असू शकतं, ही कल्पना त्याला तिथे मिळाली. त्याच वर्षी ‘डिस्क्रीट म्यूझिक’ निघालं. सिंथेसायझरवरच्या दोन साध्या, वेगवेगळ्या लांबीच्या स्वररेषा दोन टेपरेकॉर्डरांमधून फिरत एकमेकींवर थर चढवतात आणि अर्धा तास हेच चालतं. तबकडीच्या एका बाजूला जेवढं मावलं, तेवढं.

१९७८ च्या ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये ही युक्ती अधिक नेटकी झाली. त्यातला दुसरा भाग जवळून बघण्यासारखा आहे. काही बायकांनी गायलेले, शब्द नसलेले लांब स्वर वेगवेगळ्या टेपच्या वेटोळ्यांवर उतरवले. टेप इतकी लांब की स्टुडिओतल्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवावी लागली. ईनोने नंतर सांगितल्याप्रमाणे एक स्वर साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीस, तिसरा जवळपास तीस सेकंदांनी. या आकड्यांचा मेळ लवकर बसत नाही. त्यामुळे प्रत्येक स्वर ओळखीचा असतो, पण त्यांची जुळणी दर वेळी निराळी होते. कानाला नवल वाटावं असं काही घडत नाही आणि कंटाळून वैताग यावा इतकं तेच तेच होत नाही. अभ्यासाच्या संगीताची याहून चांगली व्याख्या शोधून सापडणार नाही.

टोकियोत हीच कल्पना आणखी घरगुती झाली. हिरोशी योशिमुरा याने १९८२ मध्ये ‘म्यूझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ हे ध्वनिमुद्रण केलं, तेही शहरातल्या हारा या आधुनिक कलासंग्रहालयाचा विचार डोक्यात ठेवून. इलेक्ट्रिक पियानोचे मोजके स्वर, मध्ये भरपूर मोकळी जागा. त्याचंच १९८६ चं ‘ग्रीन’ अमेरिकेत निघालं तेव्हा त्यात पाण्यापाखरांचे आवाज घातले गेले. २०२० च्या नव्या आवृत्तीत ते नाहीत आणि अभ्यासासाठी हीच आवृत्ती बरी. पाण्याची संथ धार एक वेळ चालते, पण पाखराचं मध्येच किलबिलणं कान उचलतं.

कान का उचलतं, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. सलामे आणि ॲलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात लोकांना पडद्यावरचे आकडे क्रमाने लक्षात ठेवायला सांगितले आणि मागे आवाज लावले. मागे कुणी बोलत असेल तर चुका वाढल्या. संगीतातही गायलेलं गाणं नुसत्या वाद्यांपेक्षा जास्त आड आलं. पुढे डिलन जोन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अडचण आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्यातल्या सतत बदलण्याची आहे. एकाहून एक वेगळे ध्वनी येत राहिले की मन नकळत त्यांचा क्रम लावू लागतं आणि आकड्यांचा क्रम सुटतो. हे प्रयोग क्रम लक्षात ठेवण्याचे होते, सगळ्या अभ्यासाचे नव्हेत. पण पाठांतर, हिशेब आणि लांब वाक्यांचं वाचन यांत क्रमच तर सांभाळायचा असतो.

मराठी श्रोत्याची यात एक खास अडचण आहे. आपल्याकडे ‘वाद्यसंगीत’ म्हटलं की अनेक घरांत पुण्याच्या एनॉक डॅनियल्सचा अ‍ॅकॉर्डियन किंवा व्हॅन शिप्लेची गिटार आठवते, म्हणजे वाद्यावर वाजवलेली सिनेमाची गाणी. ही वादनं देखणी आहेत, पण अभ्यासाला अजिबात चालत नाहीत. पहिल्या ओळीची सुरावट कानावर पडली की शब्द आपण मनात म्हणतोच. गायक नसतानाही गाणं चालू असतं. यादी तपासताना नुसतं ‘इन्स्ट्रुमेंटल’ लिहिलेलं बघून भागत नाही. त्या धुनेला आपल्या डोक्यात शब्द आहेत का, हे आधी विचारायचं.

रागाचं काय? शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे १९६७ चं ध्वनिमुद्रण अनेक जण अभ्यासाला लावतात. पण ते अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत एका मेंढपाळाचा दिवस सांगतं. तबला येतो, लय बदलते, गोष्ट पुढे सरकते. ते ऐकायचंच संगीत आहे. आलाप मात्र अभ्यासाला शोभतो: ठेका नाही, घाई नाही, एक षड्ज खाली धरलेला. आडवं येतं ते आलापानंतरचं जोड आणि झाला. ॲपमध्ये ट्रॅक मधूनच तोडता येत नाही, त्यामुळे आलाप स्वतंत्र ट्रॅक म्हणून दिलेलंच ध्वनिमुद्रण घ्यावं. आणि जो स्वतः सतार किंवा संतूर शिकतो, त्याने तोही घेऊ नये. त्याचं मन कोमल धैवताच्या मागे जाणारच.

यादी प्रत्यक्षात अशी लावता येते. सुरुवातीला योशिमुराच्या ‘नाइन पोस्ट कार्ड्स’मधले दोन तुकडे, वह्या उघडून बसेपर्यंत. मग ‘डिस्क्रीट म्यूझिक’चा अर्धा तास, सगळ्यात अवघड काम याच वेळात. त्यानंतर ईनो आणि हॅरल्ड बड यांच्या १९८० च्या जोडकामातलं ‘फर्स्ट लाइट’, मग ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’चा पहिला, सतरा मिनिटांच्या आसपासचा भाग. शेवटी एफेक्स ट्विनच्या १९९४ च्या ‘सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स’ दुसऱ्या खंडातला तिसरा ट्रॅक. एकूण साधारण सव्वा तास. याच कलाकाराच्या १९९२ च्या पहिल्या खंडात ‘एक्स्टल’ नावाचा सुंदर ट्रॅक आहे, पण त्यात ढोलाचा ठेका आणि बाईचा स्वर आहे. टपाल निपटायला तो छान, वाचनाला नको.

लांब ट्रॅक मुद्दाम घ्यायचे. तीन मिनिटांचे ट्रॅक भरले तर सव्वा तासात चोविसेक सांधे येतात. इथे जेमतेम पाच. लक्ष तुटतं ते बहुधा सांध्यावर. म्हणून सगळी यादी ऐकत बसण्याऐवजी प्रत्येक ट्रॅकची शेवटची आणि पुढच्याची पहिली तीस सेकंदं तेवढी ऐकावीत, तीही अभ्यासाला ठेवतो तितक्याच बारीक आवाजात. पुढचा ट्रॅक दचकवत असेल तर क्रम बदलावा. आवाज सारखा करणारी ‘नॉर्मलाइझ’ची सोय चालू ठेवावी, पण ती साधारणपणे ट्रॅकची सरासरी पातळी जुळवते, ट्रॅकच्या आतला चढउतार नाही. क्रॉसफेड स्पॉटिफायवर बारा सेकंदांपर्यंत ठेवता येतो, पण न जुळणारे दोन सूर इतका वेळ एकमेकांत मिसळले तर कानाला खटकतात. चार-पाच सेकंद पुरतात. शफल बंद. यादी संपल्यावर ॲप आपल्या मनाने गाणी लावतं, ती सोयही बंद. जाहिरातीचं तर बोलायलाच नको: सगळी काळजी घेतलेली यादी अर्ध्या मिनिटाच्या आरडाओरड्याने वाया जाते.

मधल्या काळात अभ्यासाच्या संगीताची आणखी एक धारा आली. टेबलाशी लिहीत बसलेल्या मुलीचं चित्र आणि मागे संथ हिपहॉपचे ठेके, असं अखंड यूट्यूब प्रक्षेपण चालवणाऱ्या ‘चिल्डकाऊ’ने २०२१ मध्ये ‘लोफाय गर्ल’ हे नाव घेतलं. ठेका हळू आणि एकसारखा असल्याने आकृत्या काढणं, नोंदी उतरवणं यांसाठी लोफाय उत्तम. मात्र त्याचे तुकडे दोन-तीन मिनिटांचे असतात, आणि काहींत सिनेमातले संवाद पेरलेले असतात. पाठांतराच्या वेळी ते टाळावेत.

यादी बिघडलीय हे ओळखण्याची खूण साधी आहे. अभ्यास संपल्यावर मधल्या अर्ध्या तासात कुठला ट्रॅक वाजला हे चटकन आठवलं, तर तो ट्रॅक लक्ष ओढतो आहे. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचली जात असेल, तर त्या क्षणी काय वाजतंय ते बघावं आणि तो ट्रॅक काढून टाकावा. महिना-दोन महिन्यांनी चांगले ट्रॅकसुद्धा पाठ होतात, पुढचा स्वर मनात आधीच वाजू लागतो. मग त्यांना काही काळ बाजूला ठेवून दुसरे घ्यावेत. पाठ होण्याच्या या अडचणीवर ईनोचं २०१७ चं ‘रिफ्लेक्शन’ कामी येतं. ध्वनिमुद्रण म्हणून तो चौपन्न मिनिटांचा एकच तुकडा आहे, एकही सांधा नाही. आणि त्याच नावाचं ॲप तेच स्वर दर वेळी नव्याने जुळवत राहतं, दिवसाच्या वेळेनुसार बदलत. फक्त त्या ॲपला शेवट नाही, तेव्हा उठायची वेळ घड्याळाला सांगून ठेवावी लागते.