रेषा नसलेला तक्ता

बँकेच्या स्टेटमेंटच्या पीडीएफमधून तक्ता एक्सेलमध्ये चिकटवला की जमेची रक्कम कधीकधी नावेच्या रकान्यात जाऊन बसते. कारण फाइलमध्ये बहुधा तक्ता नसतोच. प्रत्येक अक्षर पानावर कुठे छापायचे, एवढेच तिथे नोंदलेले असते. नावेचा रकाना रिकामा असेल, तर त्या जागी काहीही लिहिलेले नसते. मग मोकळ्या जागा मोजून तोडणारा प्रोग्राम पुढची रक्कम मागे ओढतो.

म्हणून मोकळी जागा मोजू नये, शब्दाचे स्थान पाहावे. पायथॉनमधील pdfplumber प्रत्येक शब्दाची डावी कड `x0` आणि उजवी कड `x1` सांगते. रकमा बहुतेक उजवीकडे जुळवून छापतात. त्यामुळे 500 आणि 1,25,000 यांच्या डाव्या कडा वेगळ्या असल्या, तरी उजवी कड एकच येते. समजा, नावेच्या रकमा 350 वर संपतात आणि जमेच्या 430 वर. एका ओळीतल्या 3,500 चा `x1` 429.8 आहे, म्हणजे ती रक्कम जमेची. तपशील मात्र डावीकडे जुळवलेला असतो, तिथे `x0` पाहावा. तारीख आणि रक्कम नसलेली ओळ ही सहसा वरच्याच तपशिलाचा उरलेला भाग असते.

पडताळणी शिल्लकच करून देते. आधीची 12,400 होती, आता 15,900 आहे, म्हणजे 3,500 जमाच. प्रत्येक ओळीवर हा हिशेब लावला, की चुकलेली ओळ लगेच सापडते. स्कॅन केलेल्या पानात मात्र अक्षरेच नसतात, तिथे आधी ओसीआर लागते.