दोन मोजण्यांच्या मधला काळ

एकल गट पूर्वचाचणी-उत्तरचाचणी अभिकल्पाची मांडणी एका ओळीत सांगता येते. एक गट घ्यायचा, त्याची चाचणी घ्यायची, उपक्रम राबवायचा आणि पुन्हा तीच चाचणी घ्यायची. दोन्ही चाचण्यांच्या सरासरीतला फरक हा उपक्रमाचा परिणाम मानला जातो. बी.एड.चे कृतिसंशोधन, परिचर्या महाविद्यालयांतले प्रबंध, संस्थांच्या प्रशिक्षणाचे अहवाल यांत हा अभिकल्प सतत भेटतो, कारण त्याला दुसरा गट शोधावा लागत नाही. अडचण त्या फरकाच्या अर्थाची आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीच्या मध्ये फक्त उपक्रमच घडलेला असतो असे नाही. जो बदल दिसला तो खरोखर उपक्रमामुळेच झाला, असे किती खात्रीने म्हणता येते, याला संशोधनात आंतरिक सप्रमाणता म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९५७ मध्ये आणि पुढे ज्युलियन स्टॅन्ली यांच्यासह १९६३ मध्ये या सप्रमाणतेला बाध आणणाऱ्या गोष्टींची यादी केली. तिच्या सुरुवातीलाच तीन नावे येतात: इतिहास, परिपक्वन आणि चाचणी.

कॅम्पबेल यांनी एच. लॉरेन्स रॉस यांच्याबरोबर १९६८ मध्ये तपासलेले कनेक्टिकट राज्याचे प्रकरण यातल्या पहिल्या दोन धोक्यांसाठी आजही सर्वांत बोलके आहे. १९५५ मध्ये या छोट्या अमेरिकी राज्यात रस्ते अपघातांत ३२४ माणसे मेली. वर्षअखेरीस गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ यांनी वेगाने गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध कडक मोहीम जाहीर केली. वेगमर्यादा मोडली की पहिल्याच गुन्ह्याला वाहन परवाना महिनाभर निलंबित, आणि पुढच्या गुन्ह्यांना त्याहून जास्त. मोहीम कागदावर राहिली नाही, परवाने खरोखरच मोठ्या प्रमाणात निलंबित झाले. १९५६ मध्ये मृतांचा आकडा २८४ वर आला. चाळीस जीव वाचले, घट १२.३ टक्के, म्हणून मोहीम सार्थकी लागली, असे गव्हर्नरांनी जाहीर केले.

हा निष्कर्ष म्हणजे एकल गट अभिकल्पच आहे. गट म्हणजे सबंध राज्य, पूर्वचाचणी १९५५ चा आकडा, उपक्रम म्हणजे कडक मोहीम आणि उत्तरचाचणी १९५६ चा आकडा. वजाबाकीत चूक नाही. पण त्या चाळीस जिवांवर हक्क सांगणारे दुसरेही आहेत.

पहिला हक्कदार इतिहास. इथे या शब्दाचा अर्थ जुना काळ असा नाही. दोन मोजण्यांच्या मध्ये, उपक्रमाच्या बाहेर घडलेली आणि मोजल्या जाणाऱ्या गोष्टीवर परिणाम करू शकणारी कोणतीही घटना म्हणजे इतिहास. मराठीत ‘समकालीन घटना’ म्हटले तर घोटाळा कमी होतो. १९५६ चा हिवाळा कमी बर्फाचा गेला असता, तर घसरड्या रस्त्यांवरचे अपघात आपोआप कमी झाले असते. सीटबेल्ट वापरणाऱ्यांची संख्या त्याच वर्षी वाढली असती, तरी आकडा खाली आला असता. घडलेली प्रत्येक घटना मात्र धोका ठरत नाही. ती दोन मोजण्यांच्या मध्येच घडलेली हवी, गटातल्या बहुतेकांपर्यंत पोहोचलेली हवी आणि तिचा त्या मोजमापाशी संबंध हवा. हवामान या तिन्ही अटी पुऱ्या करते, राज्यातली एखादी निवडणूक करत नाही. म्हणूनच अहवालात ‘इतर घटकांचा परिणाम झाला असू शकतो’ असे मोघम वाक्य लिहून भागत नाही. त्या काळात नेमके काय काय घडले याची तारीखवार नोंद ठेवावी लागते.

कॅम्पबेल आणि रॉस यांनी या धोक्यासाठी शेजाऱ्यांकडे पाहिले. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांत हवामान साधारण तेच आणि गाड्याही त्याच, फक्त कनेक्टिकटची मोहीम नव्हती. बर्फ कमी पडला म्हणून मृत्यू घटले असतील, तर या राज्यांतही ते घटलेले दिसायला हवेत. तुलनेचा गट हे काम फार चांगले करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. दोन्हीकडे सारख्या घडलेल्या घटनाच तो वजा करू शकतो. एका गटाच्याच वाट्याला काही आले, समजा प्रशिक्षणाच्या एका तुकडीचा प्रशिक्षक मध्येच बदलला, तर ते फरकात तसेच राहून जाते.

दुसरा हक्कदार परिपक्वन. इतिहासात बाहेरून काही घडते, परिपक्वनात मोजल्या जाणाऱ्यांमध्येच नुसत्या काळाच्या ओघात बदल होतो. मूल मोठे होते, नवा कामगार हातावर काम बसवतो, आजारी माणूस आपल्या गतीने बरा होतो. राज्याच्या बाबतीत परिपक्वन म्हणजे दीर्घकालीन कल. अमेरिकेत दर मैल प्रवासामागचे अपघाती मृत्यू कित्येक दशके हळूहळू कमी होत होते. रस्ते सुधारत होते, उपचार सुधारत होते. असा उतार आधीच चालू असेल, तर त्याचाच पुढचा टप्पा मोहिमेचे यश म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते.

दोनच बिंदू असले की हा उतार दिसत नाही, कारण दोन बिंदूंमधून एकच रेघ जाते. एक काल्पनिक वर्ग घेतला तर हे स्पष्ट होते. दुसरीच्या मुलांचा वाचनवेग सप्टेंबरअखेर मिनिटाला ३८ शब्द होता आणि महिनाभराच्या वाचन उपक्रमानंतर तो ४२ झाला, असे धरू. चार शब्दांची ही वाढ उपक्रमाच्या खात्यावर जमा होईल. पण बाईंच्या वहीत जुलैअखेर ३० आणि ऑगस्टअखेर ३४ अशा नोंदी सापडल्या तर? मुले उपक्रमाशिवायही महिन्याला चार शब्दांनी पुढे जातच होती. मग उपक्रमाच्या वाट्याला शून्य येते. परिपक्वन ओळखायचे तर पूर्वचाचणी एकदाच न घेता ठरावीक अंतराने तीन-चार वेळा घ्यावी, आणि उपक्रम सुरू झाल्यावर चढाची गती बदलली का ते पाहावे. तुलनेचा गटही चालतो, पण तो त्याच वयाचा आणि त्याच गतीने वाढणारा हवा.

परिपक्वन दरवेळी गुण वाढवतेच असे नाही. भूक आणि थकवा हेसुद्धा काळाबरोबर आतून होणारे बदल, आणि कॅम्पबेल यांच्या यादीत ते आहेत. तीन तासांचे सत्र संपताच घेतलेल्या उत्तरचाचणीत दमलेली माणसे चुका करतात आणि चांगल्या उपक्रमाचा परिणाम झाकला जातो. फरक दिसला नाही म्हणून उपक्रम वाया गेला, हा निष्कर्षही तितकाच कच्चा असतो.

तिसरा धोका चाचणीचा, आणि आपल्याकडच्या प्रबंधांत सर्वांत कमी ओळखला जाणारा. इथे पूर्वचाचणीच उत्तरचाचणीचे गुण बदलते. कनेक्टिकटमध्ये हे फार तर अप्रत्यक्षपणे होऊ शकले असते: ३२४ हा आकडा मोजून त्याचा गाजावाजा झाला, तेवढ्यानेही काही चालक सावध झाले असतील. पण प्रश्नावलीने ज्ञान मोजायचे असते तिथे हा धोका समोर येऊन उभा राहतो.

परिचर्या महाविद्यालयातला एक नेहमीचा विषय घेऊ: लहान मुलांच्या मातांना अतिसार आणि ओआरएसविषयी शिकवणे. वीस प्रश्नांची प्रश्नावली, मग पाऊण तासाचे सत्र आणि सात दिवसांनी पुन्हा तीच प्रश्नावली. पहिल्या दिवशी एक आई प्रश्न वाचते, ‘ओआरएसचे एक पाकीट किती पाण्यात कालवावे?’ पुढे चार पर्याय. ती एक ग्लासवर खूण करते, पण मनात शंका राहते. घरी गेल्यावर ती फळीवरचे पाकीट उलटून पाहते. त्यावर एक लिटर लिहिलेले असते. संध्याकाळी आशाताई भेटतात, त्यांनाही ती विचारून घेते. सात दिवसांनी तिचे उत्तर बरोबर येते. ते सत्राने शिकवले की प्रश्नाने? शिवाय दुसऱ्या वेळी प्रश्नावली ओळखीची असते, खूण कुठे करायची हे ठाऊक असते, चुकीचे पर्याय पटकन गळतात. ज्ञान तेवढेच राहूनही गुण वाढू शकतात.

हा भाग वेगळा काढता येतो. माता चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटाव्यात. निम्म्यांची पूर्वचाचणी घ्यावी, निम्म्यांची घेऊ नये, सत्र आणि उत्तरचाचणी मात्र सर्वांची घ्यावी. समजा पूर्वचाचणीची सरासरी ९ आली. उत्तरचाचणीत आधी प्रश्न पाहिलेल्या मातांची सरासरी १४ आली आणि न पाहिलेल्यांची १२. चिठ्ठ्यांमुळे दोन्ही भाग सुरुवातीला सारखेच धरता येतात, म्हणून मधले दोन गुण पूर्वचाचणीमुळे आले. पाच गुणांच्या वाढीतले तीनच उरले, आणि त्यांतही इतिहासाचा वाटा असू शकतो. २०१४ पासून देशात अतिसार नियंत्रणाचा पंधरवडा राबवला गेला आणि त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी ओआरएस पोहोचवत होत्या. अभ्यासाचे सात दिवस नेमके त्यात पडले, तर शिकवणारे दोघे झाले. सत्र न दिलेले आणखी दोन गट, एक पूर्वचाचणी घेतलेला आणि एक न घेतलेला, जोडले की रिचर्ड सॉलोमन यांनी १९४९ मध्ये मांडलेला चार गटांचा अभिकल्प तयार होतो, आणि त्यात सत्राचा वाटा स्वतंत्र दिसतो. समांतर प्रश्नावली, म्हणजे तितक्याच काठिण्याचे पण वेगळे प्रश्न, हा स्वस्त उपाय आहे. त्याने पाठांतर टळते, पण पहिल्या प्रश्नांनी जागे झालेले कुतूहल टळत नाही.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट ध्यानात येते. कोणता धोका जड जाईल हे बरेचसे दोन मोजण्यांमधल्या अंतरावर ठरते. सात दिवसांत आईचे परिपक्वन नगण्य असते, पण प्रश्न अजून डोक्यात ताजे असतात. वर्षभरात प्रश्न विसरले जातात, पण तेवढ्यात ऋतू, बातम्या, सरकारी योजना आणि वय यांना भरपूर वाव मिळतो. अंतर कमी-जास्त करून एक धोका हलका करता येतो, पण दुसरा जड होतो. एका गटाच्या चौकटीत ही ओढाताण सुटत नाही. टी-चाचणीही इथे उपयोगी पडत नाही. ०.०१ स्तरावर फरक सार्थक आला, याचा अर्थ निव्वळ योगायोगच असता तर एवढा फरक क्वचितच दिसला असता, एवढाच. तो कोणामुळे आला हे तिला कळत नाही, आणि अनेक प्रबंधांची ‘परिकल्पना सिद्ध झाली’ ही ओळ नेमकी इथेच घसरते.

कनेक्टिकटच्या आकड्यांचे पुढे काय झाले? कॅम्पबेल आणि रॉस यांनी १९५१ ते १९५९ अशी नऊ वर्षांची मालिका मांडली. १९५६ नंतरही मृत्यू घटत राहिले, हे मोहिमेच्या बाजूचे. पण त्या मालिकेत १९५५ हे असाधारण जास्त मृत्यूंचे वर्ष निघाले आणि मोहीम त्या धक्क्यामुळेच सुरू झाली होती. असाधारण वर (किंवा खाली) गेलेला आकडा पुढच्या मोजणीत सहसा सरासरीकडे परततो, हा या तिघांपलीकडचा चौथा धोका. मोहीम निरुपयोगी होती असे दोघांनी म्हटले नाही. घट टिकून राहिली, पण ती मोहिमेमुळेच झाली याचा निर्विवाद पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.